रेघा पुसट, रकाने सरकलेले: फोटोतल्या बिलाच्या ओळी वाचायच्या कशा

प्रश्न: आमच्या मेडिकलला स्टॉकिस्टकडून येणाऱ्या बिलांचे फोटो मुलगा मोबाइलवरून पाठवतो. खरेदीची नोंद आपोआप व्हावी म्हणून पायथनमध्ये छोटा प्रोग्रॅम लिहिलाय. पण बिलावरच्या उभ्या रेघा इतक्या पुसट आहेत की त्याला सापडतच नाहीत, आणि सापडल्या तरी आकडे रेघ ओलांडून शेजारच्या रकान्यात गेलेले असतात. वरच्या पाच-सहा ओळी बरोबर येतात. खाली सूट जीएसटीत जाते आणि नग फ्रीमध्ये. रेघा ठळक करायचा काही उपाय आहे का?

उत्तर: रेघा ठळक करू नका, उलट पुसून टाका. तुमच्या बिलात रेघांना जितका मान द्याल तितकं चुकत जाईल.

हे असं का, ते आधी सांगतो. स्टॉकिस्टचं बिल बहुधा छापील स्टेशनरीवर येतं. चौकट, रेघा, वरचं नाव-पत्ता हे सगळं छापखान्यात छापलेलं असतं, आणि आकडे नंतर डॉट मॅट्रिक्सवर पडतात. म्हणजे एकाच कागदावर दोन वेगवेगळ्या छपाया आहेत. कागद पिनांवर थोडा इकडेतिकडे बसला की आकडे रेघेच्या डोक्यावर बसतात. मात्र आकड्यांची आपसातली शिस्त मोडत नाही, कारण प्रिंटर ठरलेल्या मापानेच अक्षरं टाकतो. बारीक टायपात इंचाला सुमारे १७ अक्षरं, आणि खाली इंचाला ६ ओळी. वाचायची आहे ती ही शिस्त. छापखान्याच्या रेघेचा तिच्याशी फारसा संबंध नाही.

रकाने सरकण्याची कारणंही एकच नसतात. मोबाइल तिरका धरला, तर सरक वरून खाली हळूहळू आणि सारखी वाढत जाते. कागद दुमडलेला किंवा स्टेपलजवळ फुगलेला असेल, तर घडीपर्यंत सगळं नीट असतं आणि घडीनंतर एकदम बदलतं. तिसरं कारण बहुतेकांच्या लक्षात येत नाही. औषधाचं नाव लांब असेल आणि बिलिंग सॉफ्टवेअर ते कापत नसेल, तर तेवढ्या एका ओळीतलं पुढचं सगळं दोन-तीन अक्षरं उजवीकडे ढकललं जातं. वरची ओळ जागेवर, खालची जागेवर, मधली एकच सरकलेली. पान कितीही सरळ केलं तरी ही सरक जात नाही. म्हणून उपाय असा हवा, की कारण कोणतंही असलं तरी तो चालेल. तो पुढे सांगतो, पण आधी फोटोचं थोडं.

फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवू नका, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. हिशेब साधा आहे. १२ मेगापिक्सेलच्या फोटोची लांब बाजू ४००० पिक्सेलची असते. १० बाय १२ इंचाचं बिल त्यात जवळजवळ पूर्ण भरलं, तर इंचाला ३०० पिक्सेल मिळतात. बारीक टायपातल्या एका अक्षराच्या वाट्याला मग १७-१८ पिक्सेल रुंदी येते, आणि तेवढ्यात ओसीआर नीट चालतो. तोच फोटो आकसून १६०० पिक्सेलचा झाला की अक्षराला सातच पिक्सेल उरतात. तिथे ३, ८ आणि ६ यांतला फरक फोटोतच शिल्लक नसतो, मग कोणतीही करामत करून तो परत येत नाही. पुढचे सगळे आकडे मी इंचाला ३०० पिक्सेल धरून दिले आहेत.

कागदाचे चार कोपरे शोधून पान चौकोनी करण्याचं काम तुम्ही करतच असाल. त्यानंतर लगेच काळं-पांढरं करू नका. आधी रंगाचा फायदा घ्या. छापील रेघा लाल किंवा गुलाबी असतील, किंवा तुमच्याकडे गुलाबी कार्बन कॉपी येत असेल, तर फोटोचा फक्त लाल चॅनेल घ्या. त्यात लाल-गुलाबी सगळं पांढऱ्याच्या जवळ जातं आणि निळी-काळी शाई गडद राहते. पुष्कळ बिलांत रेघांचा प्रश्न इथेच संपतो. मग सावली काढण्यासाठी चित्राला त्याच्याच खूप धूसर केलेल्या प्रतीने भागा. शेवटी अगदी हलकं धूसर करा, म्हणजे डॉट मॅट्रिक्सचे सुटे ठिपके एकमेकांना जोडले जातात.

```python
img  = cv2.imread("bill.png")
ch   = img[:, :, 2]                    # B, G, R
bg   = cv2.GaussianBlur(ch, (0, 0), 40)
flat = cv2.divide(ch, bg, scale=255)
flat = cv2.GaussianBlur(flat, (0, 0), 1.2)
cv2.imwrite("flat.png", flat)
```

रेघा करड्या असतील तर रंगाची युक्ती चालत नाही. मग उभ्या रेघा मॉर्फोलॉजीने शोधून पुसाव्या लागतात. इथे कर्नलची उंची जपून ठरवा. अक्षर साधारण ३० पिक्सेल उंच असतं, म्हणून कर्नल त्याहून बराच उंच हवा, नाहीतर ‘१’ सुद्धा रेघ समजून पुसला जाईल. पण १५०-२०० पिक्सेल घेतलात, तर जराशी तिरकी रेघही त्यात बसणार नाही. सत्तरच्या आसपास ठेवा.

रेघा का पुसायच्या? कारण ओसीआर उभी रेघ ‘1’ वाचतो. 210.00 च्या डाव्या बाजूला रेघेचा तुकडा राहिला की 1210.00 होतो, आणि ओसीआर तो आकडा अगदी भरवशाने देतो. विश्वासाचा गुणांक ९० च्या वर असला तरी त्यावर जाऊ नका. उलटही घडतं. रेघ आकड्याच्या अंगावरून गेली असेल, तर ती पुसताना आकड्याचा तुकडाही जातो. म्हणून मी दोन्ही प्रती वाचून घेतो, एक रेघा पुसलेली आणि एक न पुसलेली. जिथे त्या जुळत नाहीत तिथे निकाल पुढे गुणाकार देतो.

टेसरॅक्ट वापरत असाल तर त्याच्याकडून तक्ता मागू नका, फक्त शब्द आणि त्यांच्या चौकटी घ्या:

```
tesseract flat.png bill --psm 6 -l eng tsv
```

psm न दिल्यास तो पानाची मांडणी स्वतः ठरवतो. रकाना दिसला की त्याला वेगळा परिच्छेद समजतो आणि आधी सगळी नावं, मग सगळे दर असं वाचत सुटतो. psm 6 मध्ये तो सगळं एकच सलग मजकूर धरतो. शब्द गळताहेत असं वाटलं तर 11 करून पाहा. bill.tsv मध्ये line_num नावाचा रकाना येतो, त्याकडे दुर्लक्ष करा. left, top, width, height आणि text एवढंच आपल्या कामाचं.

आता ओळी. सगळे रकान्यांच्या मागे लागतात, पण बरीचशी गडबड आधी ओळींत झालेली असते. दोन ओळींतलं अंतर एक षष्ठांश इंच, म्हणजे ५० पिक्सेल. छपाईची रुंदी ८ इंच, म्हणजे २४०० पिक्सेल. पान फक्त एक अंश तिरकं राहिलं, तर डावीकडच्या नावापासून उजवीकडच्या रकमेपर्यंत जाताना ४२ पिक्सेलचा फरक पडतो. म्हणजे जवळजवळ एक अख्खी ओळ. top च्या किमतीवरून ओळी पाडल्या, तर अर्ध्या अंशापेक्षा थोडं जास्त तिरकं असलं तरी एका औषधाची रक्कम दुसऱ्याच्या नावावर जाते. एवढा तिरकेपणा डोळ्यांना जाणवतही नाही.

म्हणून पूर्ण पानाचा एकच कोन काढून ते फिरवण्यावर विसंबू नका. फुगलेल्या कागदावर वरचा कोन वेगळा, खालचा वेगळा असतो. त्याऐवजी शब्दाला त्याचा उजवा शेजारी शोधू द्या: उजवीकडचा सर्वांत जवळचा असा शब्द, ज्याची उभी व्याप्ती आपल्याशी निम्म्याहून जास्त जुळते. नाव, पॅकिंग, एचएसएन, बॅच, एक्स्पायरी ही मंडळी एकमेकांना चिकटून असतात, त्यामुळे तिथे शेजारी चुकत नाही. अशा जोड्यांतून त्या भागाचा स्थानिक उतार कळतो. पुढे रिकामे रकाने असले आणि मोठी उडी मारावी लागली, तर तो उतार धरून शब्द किती उंचीवर असायला हवा ते काढा आणि त्याच्या सर्वांत जवळचा उचला. एक शब्द एकाच ओळीत. ज्या ओळीत नाव आहे पण एकही पैशांचा आकडा नाही, ती बहुधा वरच्या नावाचा उरलेला भाग असते. तिला वरच्या ओळीला जोडा.

ओळी घसरल्या आहेत का हे ओळखायची एक सोपी खूण आहे. नग गुणिले दर स्वतःच्या रकमेशी जुळत नाही, पण खालच्या ओळीच्या रकमेशी जुळतं, आणि असं सलग तीन-चार ओळींत होतं. मग आकडे बरोबर वाचले गेलेत, फक्त जोड्या चुकल्या आहेत. जिथून हे सुरू होतं तिथे फोटोत पाहा, कागदाची घडी तिथेच असेल.

आता तुमचा खरा प्रश्न, रकाने. पहिली गोष्ट, आकड्याची डावी कड किंवा मध्य घेऊ नका, उजवी कड घ्या. दर, रक्कम, नग सगळे उजवीकडे टेकवून छापलेले असतात. 48.00 आणि 1160.00 यांच्या डाव्या कडा कुठल्या कुठे असतात, उजव्या एका रेषेत. मथळ्यातल्या शब्दांवरूनही रकान्याची जागा ठरवू नका, ते छापखान्यातून आलेले असतात.

दुसरी गोष्ट, ओळीत किती आकडे आले हे मोजून रकाने वाटू नका. फ्री आणि सूट हे रकाने बऱ्याच ओळींत रिकामे असतात आणि ओसीआरच्या लेखी रिकामा रकाना नसतोच.

मग वाटायचे कसे? प्रत्येक ओळीत तीन आकडे असे असतात की ते रूपावरूनच ओळखू येतात आणि कधी रिकामे नसतात. एक्स्पायरी म्हणजे 08/27 सारखं, दोन अंक, तिरपी रेघ, दोन अंक. पैशांच्या आकड्यांत, म्हणजे ज्यांच्या शेवटी दोन दशांश आहेत त्यांत, पहिला एमआरपी आणि शेवटचा रक्कम. हे तीन खुंटे धरा. उरलेला प्रत्येक आकडा पानावर कुठे आहे ते विचारू नका; त्याच ओळीतल्या दोन खुंट्यांच्या मध्ये तो किती अंतरावर आहे ते विचारा.

हे आकड्यांत दाखवतो. समजा रकाने एक्स्पायरी, नग, फ्री, एमआरपी, दर, सूट टक्के, जीएसटी टक्के, रक्कम अशा क्रमाने आहेत. पहिल्या ओळीत उजव्या कडा अशा: एमआरपी १६१०, दर १७७०, सूट १८७०, जीएसटी १९७०, रक्कम २१५०. रक्कम ते एमआरपी हे अंतर ५४०. सूट रकमेपासून २८० मागे आहे, म्हणजे ०.५२. जीएसटी १८० मागे, म्हणजे ०.३३.

आता अठ्ठावीसावी ओळ. पान तिरकं आणि थोडं निमुळतं झालंय. इथे एमआरपी १६८० वर आहे आणि रक्कम २२०० वर. मध्ये कुठेतरी एक ‘5’ आहे, त्याची उजवी कड १९३० वर. तुमचा प्रोग्रॅम पहिल्या ओळीतल्या जागा धरून चालतो. त्याच्या हिशेबाने हा ५ सूटीपासून ६० लांब आणि जीएसटीपासून ४० लांब. म्हणून तो जीएसटीत टाकतो. तुमची सूट तिकडे जाते ती अशी. आता गुणोत्तर काढा: २२०० वजा १९३० म्हणजे २७०, आणि खुंट्यांमधलं अंतर ५२०. उत्तर ०.५२. सूटच. वादाला जागाच नाही.

यातली मजा अशी, की लांब नावामुळे ढकलली गेलेली ओळही यातच सुटते. नावापुढचे सगळे आकडे एकदमच सरकलेले असतात, खुंटेही त्यांच्याबरोबर सरकतात, गुणोत्तर तेच राहतं. सरक कॅमेऱ्याची की प्रिंटरची हे विचारायची गरज पडत नाही. नग आणि फ्री हे एक्स्पायरी आणि एमआरपी या खुंट्यांच्या मध्ये येतात, त्यांनाही हाच नियम.

कोणत्या रकान्याचं गुणोत्तर किती, हे ठरवायला ज्या ओळीत सगळे रकाने भरलेले आहेत अशा दोन-तीन ओळी पुरतात. एका स्टॉकिस्टचं बिल दर वेळी तेच असतं, म्हणून हे आकडे त्याच्या नावाने साठवून ठेवा. एखाद्या ओळीत एमआरपी किंवा रक्कम वाचलीच गेली नसेल, तर वरच्या आणि खालच्या ओळींतल्या खुंट्यांवरून तिची जागा अंदाजाने काढा आणि त्या ओळीला ‘तपासा’ अशी खूण करा. जी कशातच बसत नाही ती ओळ जबरदस्तीने बसवू नका.

एवढं करूनही चुका राहतातच. त्या बिल स्वतःच दाखवून देतं. तीन ओळी घ्या. कागदावर आहे ते असं:

```
Qty Free    MRP    Rate  Disc  GST  Amount
 10    1  105.00   80.00    5    5  760.00
 20        63.00   48.00         5  960.00
  5       210.00  160.00    2    5  784.00
```

आणि ओसीआरने दिलं ते असं:

```
10 1 105.00 80.00 5 5 760.00
20 63.00 48.00 5 960.00
5 1210.00 160.00 2 5 784.00
```

दुसऱ्या ओळीतला एकटा 5 सूट आहे की जीएसटी? गुणोत्तराने उत्तर दिलंच असेल, पण पडताळा घ्या. २० गुणिले ४८ म्हणजे ९६०. ५ टक्के सूट धरली तर ९१२ यायला हवेत. छापलंय ९६०. म्हणजे तो जीएसटी. पहिल्या ओळीत ८०० मधून ५ टक्के गेले की ७६०, बरोबर. तिसऱ्या ओळीत ८०० मधून २ टक्के गेले की ७८४, तेही बरोबर. या बिलात रक्कम करापूर्वीची आहे. काही स्टॉकिस्ट कर धरून रक्कम छापतात, तेव्हा एकदा पाहून घ्या आणि सूत्र तसं बदला.

तुलना करताना तंतोतंत बरोबरी मागू नका. छापलेला दर दोन दशांशांवर आणलेला असतो, सॉफ्टवेअरच्या पोटात तो जास्त लांब असू शकतो. त्यामुळे चालवून घ्यायची तफावत नगांबरोबर वाढते:

```python
def ok(qty, rate, disc, amt):
    calc = qty * rate * (1 - disc / 100)
    return abs(calc - amt) <= qty * 0.005 + 0.01
```

१० नगांना सहा पैसे, २०० नगांना एक रुपया. सरसकट एक रुपया ठेवलात, तर छोट्या ओळींतल्या चुका निसटतात.

तिसऱ्या ओळीत मात्र चूक बसलेली आहे आणि वरचं सूत्र तिला ‘बरोबर’ म्हणतं, कारण एमआरपी गुणाकारात येतच नाही. तिथे औषधाच्या धंद्यातला हिशेब कामी येतो. ज्यांच्या किमतीवर नियंत्रण नाही अशा ब्रँडेड औषधांत रिटेलरला सहसा कर वगळून २० टक्के मार्जिन सुटतं. ५ टक्के जीएसटी असेल तर दर भागिले एमआरपी ०.७६ च्या आसपास येतं. १०५ ला ८०, ६३ ला ४८, दोन्ही तसेच. नियंत्रित किमतीच्या औषधांत ते ०.८२ च्या जवळ असतं. २२ सप्टेंबर २०२५ च्या आधीची बिलं वाचत असाल, तर बहुतेक औषधांवर १२ टक्के कर होता, तिथे ०.७६ च्या जागी ०.७१ येईल. आता १६० ला १२१० ने भागा: ०.१३. रेघेचा ‘1’ चिकटलाय हे लगेच कळतं, तो काढला की २१० आणि पुन्हा ०.७६. अर्थात जेनेरिकमध्ये मार्जिनला धरबंध नसतो, त्यामुळे या भागाकारावरून आकडा आपोआप बदलू नका, फक्त माणसाला दाखवा.

स्कीम एकाच रकान्यात ‘10+1’ अशी छापणारे स्टॉकिस्ट असतील तर आणखी एक गंमत होते. फिकट रिबनवरचा + हा 4 म्हणून वाचला जातो आणि नग होतात 1041. गुणाकार इथे इतका मोठा फसतो की चूक लपत नाही. नग न जुळल्यास मधल्या 4 च्या जागी + घालून पाहायचं, एवढा नियम लिहून ठेवा.

सगळ्या ओळी झाल्या की बेरीज. वरच्या तीन ओळींची करपात्र रक्कम २५०४, त्यावर सीजीएसटी आणि एसजीएसटी प्रत्येकी ६२.६०, एकूण २६२९.२०, राउंड ऑफ वीस पैसे वजा, बिल २६२९. बेरीज जुळली नाही तर फरकाकडे नीट पाहा. फरक बरोबर ९६० आला, तर ती ओळच गळली आहे किंवा दोनदा आली आहे. फरक ९ ने निःशेष भागला जात असेल, तर दोन अंकांची अदलाबदल झाली असण्याची शक्यता असते, हे जुन्या मुनीमांचं गणित इथेही चालतं. बिलाच्या पायथ्याशी करदरानुसार छोटा तक्ता असतो, ५ टक्क्यांची करपात्र रक्कम इतकी, १८ ची इतकी. तो जरूर वाचा. बेरीज चुकली तर कोणत्या दराच्या ओळींत शोधायचं हे तो सांगतो आणि शोध निम्म्यावर येतो.

बिलावर क्यूआर कोड आहे का तेही बघा. वार्षिक उलाढाल ५ कोटींच्या वर असलेल्या विक्रेत्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून धंद्यातल्या ग्राहकांसाठी ई-इनव्हॉइस काढावं लागतं आणि त्यावर सही केलेला क्यूआर असतो. त्यात औषधांच्या ओळी नसतात, त्या आशेने स्कॅन कराल तर निराशा होईल. पण बिल नंबर, तारीख, दोघांचे जीएसटी क्रमांक, TotInvVal म्हणजे बिलाची एकूण रक्कम आणि ItemCnt म्हणजे ओळींची संख्या एवढं असतं. ओळी किती हव्यात हे वाचनाआधीच कळणं ही मोठी सोय आहे. तुम्हाला ३१ मिळाल्या आणि क्यूआर ३२ म्हणतोय, तर कुठेतरी दोन ओळी एकात मिसळल्या आहेत किंवा एक गळली आहे.

गुणाकाराच्या या पहाऱ्याला कुठे दिसत नाही, तेही सांगून ठेवतो. २० गुणिले ४८ आणि ४८ गुणिले २० सारखेच, त्यामुळे नग आणि दर आपसात बदलले तर गणित जुळतंच. दरात दोन दशांश आहेत आणि नगांत नाहीत, हे रूपावरून तपासा. फ्रीचा नग कोणत्याच बेरजेत येत नाही. १ चा ७ झाला तरी बिल जुळेल आणि तुमच्या साठ्यात सहा पट्ट्या कागदावरच राहतील. तो आकडा बिलावरून पडताळता येत नाही, माल उतरवताना मोजूनच घ्यावा लागतो.

आणि बॅच नंबर. तिथे गणित नाही, शब्दकोश नाही, 0 आणि O, 8 आणि B, 5 आणि S यांतलं काय हे ठरवायला आधारच नाही. एक्स्पायरीला निदान महिना ०१ ते १२ आणि वर्ष पुढच्या काही वर्षांतलं हे बंधन आहे. बॅचसाठी मी प्रोग्रॅमकडून निर्णय घेतच नाही. प्रत्येक ओळीचा बॅचचा तुकडा मूळ फोटोतून कापून, वाचलेल्या अक्षरांच्या शेजारी स्क्रीनवर दाखवतो आणि माल लावणारा मुलगा पट्टीवर पाहून हो किंवा नाही म्हणतो. त्याच पडद्यावर फ्रीचा नगही ठेवा, म्हणजे पट्ट्या हातात असतानाच दोन्ही होऊन जातील. परत पाठवायच्या मालाची बॅच चुकली तर स्टॉकिस्ट क्रेडिट नोट अडवतो, म्हणून हा वेळ वाचवू नका.

जाता जाता, स्टॉकिस्टच्या ऑफिसला फोन करून बिलाची एक्सेल किंवा सीएसव्ही फाइल ईमेलवर मिळेल का हे विचारलंय का? औषधांच्या बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये ही सोय बहुधा असते, फक्त कुणी मागितल्याशिवाय कुणी पाठवत नाही. जे देतील त्यांच्या बिलांचे फोटो काढणं बंद करा आणि वरची सगळी मेहनत उरलेल्या दोन-चार जणांच्या बिलांपुरती ठेवा.